दारा-खिडक्यांच्या चौकटी : लाकूड, लोखंड की ॲल्युमिनियम?
(खाडीकाठच्या गावांतील घरबांधणीसाठी काही विचार)

पावसाळा ओसरून हवा कोरडी होऊ लागली की कोकणपट्टीत घरदुरुस्तीची व नव्या घरांची कामे सुरू होतात. जोते उभे राहिले, भिंती कमरेएवढ्या झाल्या, की घरधन्यापुढे पहिला मोठा प्रश्न येतो तो चौकटींचा. सुतार म्हणतो सागवानी करा, वेल्डिंगवाला म्हणतो लोखंडी करा, स्वस्त पडेल. आणि ॲल्युमिनियमचा दुकानदार सांगतो की आमच्या मालाला ना वाळवी ना गंज. तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते. परंतु तिघेही एक गोष्ट सांगत नाहीत. चौकट साधारणपणे खालून, म्हणजे जमिनीलगतच्या वीतभर भागातून नासू लागते, आणि तो वीतभर भाग ज्या घरात जसा असेल तसे उत्तर बदलते.

ठाणे जिल्ह्यातील गोडदेव गावाचे उदाहरण घेतले तर हे चांगले स्पष्ट होते. भाईंदर पूर्वेकडील हे जुने गाव. वसईची खाडी जवळ, आणि आसपासचा सारा मुलूख मिठागरांसाठी ओळखला गेलेला. १९८५ साली परिसरातील ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगर परिषद झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि गोडदेव शहरात सामावले गेले. तथापि वस्ती बदलली तरी हवा व जमीन बदललेली नाही. वाऱ्याबरोबर येणारा खार तोच आहे, पावसाळ्यातील चार महिन्यांची ओल तीच आहे, आणि सखल जमिनीतील पाणी वर चढण्याचा धर्मही तोच आहे. अशा जागी चौकटीला एकाच वेळी तीन शत्रूंशी तोंड द्यावे लागते: जमिनीतून येणारी वाळवी, हवेतून येणारा खार आणि दोहोंना साहाय्य करणारी ओल. राई, मुर्धे, उत्तन यांसारख्या जवळच्या गावांना, तसेच रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांनाही पुढील विचार जसाच्या तसा लागू पडतो.

वाळवी चौकटीपर्यंत कशी पोचते?

घरांचे नुकसान करणारी वाळवी बहुतांशी जमिनीत राहणारी असते. तिचे कामकरी किडे पांढरट, मऊ अंगाचे असून कोरडी हवा व उजेड त्यांना सोसत नाही. म्हणून ते उघड्यावरून चालत नाहीत. माती, लाळ व विष्ठा यांचे मिश्रण करून ते पेन्सिलीच्या जाडीच्या बंद नळ्या बांधतात आणि त्यांतून जमिनीतील ओलाव्यापासून लाकडापर्यंत ये-जा करतात. ही नळी भिंतीच्या पायातील फटीतून, फरशीच्या सांध्यातून किंवा चौकटीच्या पाठीमागच्या पोकळीतून वर येते. घरातील माणसाला ती सहसा दिसत नाही. दिसते ती शेवटी, जेव्हा रंगाचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक राहतो आणि अंगठ्याने दाबताच चौकट आत जाते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, लाकूड जमिनीपासून अलग ठेवले तर अर्धे काम होते. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे २ हजार वर्षांपासून टिकून आहेत. त्या कमानी खडकाच्या आडोशाला, पावसापासून दूर व मातीपासून उंच आहेत, हे त्यामागील एक मोठे कारण होय. दुसरा निष्कर्ष असा की, वाळवी लोखंड किंवा ॲल्युमिनियम खात नसली तरी त्यांच्या आडून जाऊ शकते. धातूची चौकट बसवून तिच्यात लाकडी किंवा प्लायची झडप लावली, आणि चौकटीची पाठ पोकळ राहिली, तर त्या पोकळीतून वाळवीला वर चढण्यास झाकलेला राजमार्गच मिळतो. मग चौकट शाबूत राहते आणि झडप पोखरली जाते. सबब 'धातूची चौकट केली, आता वाळवीची चिंता नाही' असे समजणे चुकीचे आहे.

लाकडी चौकट

सागवान खाऱ्या हवेला घाबरत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले 'ट्रिन्कोमाली' नावाचे लढाऊ जहाज आज इंग्लंडातील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले असून ते अजून पाण्यावर तरंगते. पण हे गुण सागाच्या गाभ्याचे आहेत, सालीलगतच्या पांढरट लाकडाचे नव्हेत. पिवळसर-तपकिरी गाभ्यात निसर्गतःच असे तेलकट द्रव्य असते की वाळवी व बुरशी त्यापासून दूर राहतात. कडेच्या पांढऱ्या भागात ते नसते, आणि वाळवी त्याला आंब्याच्या किंवा सावरीच्या लाकडाइतक्याच आवडीने खाते. थोड्या वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग प्रमाणाने अधिक असतो. म्हणून 'साग आहे' एवढ्या आश्वासनावर समाधान न मानता प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी पाहावा, आणि पांढरी कड असलेली बाजू निदान चौकटीच्या पायाशी तरी येऊ देऊ नये.

मुंबईत जुन्या चाळी व वाडे पाडल्यावर निघालेले सागवान मोडीच्या बाजारात विकावयास येते. त्यात गाभ्याचे लाकूड पुष्कळ असते व ते वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने पिळत नाही. घेताना टोकांना हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आल्यास आत पोकळी समजावी. टोच्याने दोन-तीन ठिकाणी टोचून पाहावे. खिळ्यांच्या भोकांभोवती लाकूड काळे व मऊ झाले असल्यास तेवढा भाग कापून टाकावा. सागाखेरीज बिवळा व फणस यांच्या गाभ्याचे लाकूडही वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. शेतातील स्वतःचा साग तोडावयाचा असल्यास महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हे शेतकरी बंधूंनी विसरू नये.

नवे लाकूड घेतले तर ते पुरेसे वाळले आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येते. फळीच्या टोकापासून हातभर आत एक लहान तुकडा कापून लगेच वाण्याच्या काट्यावर तोलावा. नंतर तो मंद शेगडीच्या उबेत, जळू न देता, वजन उतरण्याचे थांबेपर्यंत सुकवावा. समजा, तुकडा आरंभी ५६० ग्रॅम भरला व शेवटी ५०० ग्रॅम झाला. म्हणजे ५०० ग्रॅम कोरड्या लाकडात ६० ग्रॅम पाणी होते, अर्थात शेकडा १२. किनाऱ्यालगत चौकटीच्या लाकडात पाण्याचे प्रमाण शेकडा १२ ते १५ च्या आसपास असल्यास चालते. ते शेकडा २५-३० निघाल्यास चौकट बसविल्यावर पिळेल, सांधे उघडतील आणि त्या फटींतून ओल व वाळवी दोन्ही आत जातील.

आता खरा प्रश्न पायाचा. जुन्या रीतीने चौकटीचे उभे दोन इंच फरशीत गाडले जातात व खाली लाकडी उंबरठा असतो. फरशी धुताना पाणी सांध्यात मुरते, आणि उभ्याचे टोक, जेथून लाकूड सर्वात अधिक पाणी ओढते, तेच ओलीत बुडून राहते. ही रीत सोडून द्यावी. उंबरठा काळ्या दगडाचा करावा, आणि उभे त्या दगडावर, फरशीच्या पातळीपेक्षा निदान एक इंच उंच येतील असे टेकवावेत. दगडात गजाचा छोटा तुकडा रोवून तो उभ्याच्या पोटात दोन इंच शिरविला म्हणजे पाय हलत नाही. उंबरठ्याचे पूजन, हळदकुंकू हे दगडी उंबरठ्यावरही तितक्याच श्रद्धेने होते. महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या वाड्यांचे उंबरठे दगडीच आहेत.

भिंतीत जाणारी चौकटीची पाठ व कापलेली सर्व टोके बसविण्यापूर्वी क्रिओसोट किंवा तांबेयुक्त लाकूडरक्षक द्रव्याने दोन हात द्यावीत. टोके तर त्या द्रव्यात काही वेळ उभी बुडवून ठेवणे अधिक चांगले. सुताराने जागेवर तासून टोक कमी केले तर ताज्या कापावर पुन्हा हात द्यावा. बहुतेक ठिकाणी चूक होते ती येथेच. टाकणखार व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरविलेले लाकूड आतल्या खिडक्यांना उत्तम, परंतु ही द्रव्ये पाण्याने धुपून जातात. म्हणून पाणी लागणाऱ्या पायाला त्यांचा भरवसा धरू नये.

लोखंडी चौकट

लोखंडी चौकट दोन प्रकारची मिळते: अँगलची व वाकविलेल्या पत्र्याची. दोन्हींना वाळवी लागत नाही, त्या पिळत नाहीत, आणि आरंभीचा खर्च सर्वांत कमी. घाटावरच्या कोरड्या गावी रंग राखला तर अशी चौकट एका पिढीस सहज पुरते. परंतु गोडदेवसारख्या जागी हिशोब निराळा होतो. हवेतील मिठाचे सूक्ष्म कण रंगावर बसतात, दमट हवेतून पाणी ओढून घेतात, आणि रंगात केसाएवढी चीर मिळाली की तिच्याखाली गंज धरू लागतो. खाराचा हा जोर किनाऱ्यापासून जसजसे दूर जावे तसतसा झपाट्याने कमी होतो. म्हणून एकाच तालुक्यातील दोन गावांत एकाच चौकटीचे आयुष्य फार वेगळे आढळते.

येथेही नाश पायाशीच सुरू होतो. फरशीच्या रेषेवर साबणाचे व धुण्याचे पाणी साचते, आणि अँगलचा जो भाग फरशीत गेला त्याला रंगाचा दुसरा हात कधीच मिळत नाही. गंजलेले लोखंड फुगून मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. त्यामुळे प्रथम चौकटीलगतच्या गिलाव्यात उभी चीर पडते, मग गिलावा फुगतो, आणि तो पाडल्यावर आतला अँगल पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलेला दिसतो. गिलाव्यातील ही चीर म्हणजे पहिली सूचना होय. त्याच वेळी खरवडून दुरुस्ती केली तर चौकट वाचते. दोन पावसाळे थांबले तर वाचत नाही.

खाडीकाठी लोखंडी चौकट करावयाचीच असेल तर तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, चौकट पुरी तयार झाल्यावर तिला वितळलेल्या जस्ताच्या कुंडात बुडवून मुलामा द्यावा. मुलामा दिलेल्या पत्र्याची चौकट नंतर वेल्डिंग केली तर प्रत्येक जोडाशी जस्त जळून जाते. तेथे घासून जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावे लागतात. दुसरी, पत्र्याच्या चौकटीची पाठ बसविताना सिमेंट-वाळूच्या मालाने गच्च भरून काढावी. पोकळी राहिली तर तेथे पाणी साचते आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवीलाही वाट मिळते. तिसरी, त्या मालात खाडीची खारी वाळू कदापि वापरू नये. स्वस्त म्हणून आणलेली अशी वाळू चौकटीच्या पाठीशी मीठच बांधून ठेवते, आणि मग बाहेरून कितीही रंग दिला तरी गंज आतून येत राहतो.

ॲल्युमिनियमची चौकट

ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेमुळे आपोआप एक अतिशय पातळ पण घट्ट पापुद्रा तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाप्रमाणे तो सुटून पडत नाही. यामुळे ओल व वाळवी यांची या धातूस भीती नाही. मात्र त्याचे तीन कमकुवतपणे आहेत, व ते दुकानात सांगितले जात नाहीत.

पहिला म्हणजे ओले सिमेंट व चुना. त्यांतील क्षार हा संरक्षक पापुद्रा खाऊन टाकतात आणि चौकटीवर पांढरे, न निघणारे डाग पडतात. म्हणून ॲल्युमिनियमची चौकट गिलावा पुरा होऊन वाळल्यावरच बसवावी. तोपर्यंत भोकाच्या मापाची कच्ची चौकट ठेवून काम करावे. अंगावरची चिकटपट्टी रंगकाम होईपर्यंत काढू नये.

दुसरा म्हणजे विजातीय धातूंची संगत. ॲल्युमिनियम व साधे लोखंड किंवा पितळ यांची गाठ पडून त्यांत खारे पाणी मुरले की एक प्रकारची विजेची घटमाला तयार होते आणि धातू झिजू लागतो. कारागीर अनेकदा साधे लोखंडी स्क्रू वापरतात. दोन पावसाळ्यांत चौकटीवर तांबडे ओघळ दिसू लागतात व स्क्रूभोवती पांढरी पूड जमते. बिनगंजाचे पोलादी (स्टेनलेस) स्क्रू वापरण्यास फरक पडतो तो थोड्या रुपयांचा.

तिसरा म्हणजे खाराने पडणारे बारीक खड्डे. हे सहसा चौकट मोडीत काढण्याइतके खोल जात नाहीत, परंतु रूप बिघडवितात व सरकत्या झडपा अडकवितात. किनाऱ्यालगत ॲनोडाइज केलेला माल घ्यावयाचा तर थर २५ मायक्रॉनचा मागावा, अथवा चांगली पावडर कोटिंग केलेला घ्यावा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याच्या फडक्याने चौकट पुसून काढावी. खालच्या सरक-पट्टीतील पाणी जाण्याची भोके बुजू देऊ नयेत. तेथे साचलेले खारे पाणी हेच या चौकटीचे 'पायाचे दुखणे' होय. शिवाय हलक्या जातीचा पातळ माल घरफोडीस अडथळा करीत नाही, म्हणून तळमजल्यावर वेगळे गज लागतातच.

खर्चाचा हिशोब कसा करावा?

येथे पुष्कळांची फसगत होते, कारण तिन्ही मालांची भाषा वेगळी आहे. लाकडाचा भाव घनफुटावर, लोखंडाचा किलोवर आणि ॲल्युमिनियमचा चौरस फुटावर सांगतात; शिवाय ॲल्युमिनियमच्या भावात काच व झडप धरलेली असते, तर इतर दोहोंत नसते. म्हणून संपूर्ण खिडकीशी संपूर्ण खिडकी तोलावी, आणि निदान २० वर्षांचा खर्च मांडावा.

दाराचे माप काढण्याची रीत प्रथम पाहू. साडेतीन फूट रुंद व सात फूट उंच चौकटीचे दोन उभे मिळून १४ फूट व वरची गणेशपट्टी साडेतीन फूट, एकूण साडेसतरा फूट. लाकडाचा छेद ४ इंच × ३ इंच, म्हणजे १२ चौरस इंच. साडेसतरा गुणिले बारा, भागिले १४४, बरोबर १.४६ घनफूट. तासणी-कापणीची घट धरून १.६ घनफूट लाकूड मागवावे. लाकडी उंबरठा केला असता तर आणखी साडेतीन फूट, म्हणजे सुमारे पाव-तीन दशांश घनफूट सागवान लागले असते. दगडी उंबरठ्यामुळे तेवढे वाचले. हीच चौकट ४० × ४० × ६ मिलिमीटरच्या अँगलची केली तर, या अँगलचे वजन मीटरला साडेतीन किलो असल्याने, ५.३३ मीटरला सुमारे साडेअठरा किलो लोखंड लागते. वेल्डिंगवाल्याने २५ किलो लावले तर त्याला हिशोब विचारता येतो.

आता चार फूट × चार फूट खिडकी घेऊ. पुढील दर केवळ रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. ग्रामसेवकांनी आपल्या बाजाराचे दर घालून तेच गणित पुन्हा करावे. समजा, सागवान घनफुटास ४,००० रुपये, घडविलेले लोखंड किलोस १२० रुपये व काचेसह ॲल्युमिनियम चौरस फुटास ४५० रुपये आहे. सागवानी खिडकीस चौकट व झडपा मिळून अडीच घनफूट लाकूड, म्हणजे १०,००० रुपये. मजुरी, काच व बिजागऱ्या ४,००० रुपये. एकूण १४,००० रुपये. लोखंडी खिडकीस सुमारे २८ किलो, म्हणजे ३,३६० रुपये. काच व रंग १,५४० रुपये. एकूण ४,९०० रुपये. ॲल्युमिनियमची १६ चौरस फूट, एकूण ७,२०० रुपये. गज तिन्हींना लागतात, म्हणून ते बाजूस ठेवले आहेत.

पहिल्या दिवशी लोखंडी खिडकी निःसंशय स्वस्त. परंतु खाडीकाठी तिला दर दोन वर्षांनी खरवडून रंग लागतो. एका वेळेस ६०० रुपये धरले तर २० वर्षांत नऊ वेळा रंग, म्हणजे ५,४०० रुपये. आणि एकूण खर्च १०,३०० रुपयांवर जातो. ॲल्युमिनियमला त्या मुदतीत चाके व रबर एकदा बदलावे लागले तर ८०० रुपये, एकूण ८,००० रुपये. सागवानीला चार-पाच वर्षांनी तेलरंग, चार वेळा ५०० रुपये धरता एकूण १६,००० रुपये. म्हणजे पहिल्या दिवशी जी खिडकी स्वस्त होती ती २० वर्षांत स्वस्त राहिली नाही. हेच गणित कोरड्या हवेच्या गावी, जेथे लोखंडाला सहा-सात वर्षांनी रंग पुरतो, केले तर रंगाचे दोनच हप्ते पडून लोखंडी खिडकी ६,१०० रुपयांत राहते व पुन्हा पहिल्या क्रमांकावर येते. उत्तर मालात नसून जागेत आहे, ते असे.

एका घरात तीन निरनिराळी उत्तरे

यावरून गोडदेवसारख्या जागी घरभर एकाच मालाच्या चौकटी करण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक भोक पाहून निर्णय घ्यावा.

दर्शनी दार ओटीवर, छपराच्या आडोशाला असते, आणि त्याला मजबुती लागते. तेथे मोडीच्या किंवा पारखून घेतलेल्या सागाच्या गाभ्याची चौकट, दगडी उंबरठ्यावर टेकविलेली, हीच योग्य. एकच चौकट असल्याने जास्त खर्चही सोसवतो. बाहेरच्या खिडक्या जमिनीपासून उंच असतात, पण पाऊस व खार यांचा मारा त्यांच्यावरच अधिक. तेथे ॲल्युमिनियम आणि वर दीड-दोन फुटांचा छज्जा असावा. आतल्या खोल्यांच्या दारांना ना पाऊस ना वारा; तेथे जस्ताचा मुलामा दिलेली व पाठ भरलेली लोखंडी चौकट बेताच्या खर्चात चांगली टिकते. न्हाणीघराच्या दाराला मात्र लाकूडही नको व साधे लोखंडही नको. तेथे ॲल्युमिनियम, किंवा त्याहून साधा उपाय म्हणजे दगडी पट्ट्यांची चौकट करावी.

जमिनीत वाळवी आहे असे आधीच ठाऊक असल्यास चौकट निवडण्यापूर्वी जोत्याच्या भरावावर वाळवीनाशक द्रावण फवारून घ्यावे. भारतीय मानक ६३१३ मध्ये याची रीत दिली आहे. भरावाच्या पृष्ठभागास प्रत्येक चौरस मीटरला ५ लिटर द्रावण लागते, आणि ते कोबा घालण्यापूर्वीच द्यावयाचे असते. पूर्वी यासाठी वापरले जाणारे आल्ड्रिन व क्लोरडेन यांवर आता बंदी आहे. कोणी जुना साठा देऊ केल्यास घेऊ नये. सध्या परवाना असलेले औषध घेऊन डब्यावरील पत्रकाप्रमाणेच पाणी मिसळावे, आणि विहीर जवळ असल्यास हे काम जाणकाराच्या सल्ल्याविना करू नये.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी

चौकट कोणतीही असो, वर्षातून दोन वेळा तिचा खालचा वीतभर भाग दिव्याच्या उजेडात पाहावा. लाकडी चौकटीला टोच्याने टोचावे व मातीची नळी शोधावी. नळी सापडल्यास तिचा दोन बोटे भाग फोडून ठेवावा आणि चार दिवसांनी पाहावे. ती पुन्हा बांधली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे. नळी नुसती पुसून टाकल्याने काहीच साधत नाही, कारण वाळवीचे घर जमिनीत असते; औषध तेथवर पोचवावे लागते. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमून सकाळी चौकटीपाशी गळालेल्या पंखांचा ढीग दिसला, तर घरातच वारूळ असल्याचा संशय धरावा. मातीची नळी कोठेच नाही, पण चौकटीखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडतात, असे असल्यास ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी होय. तिला जमिनीतील औषध लागू पडत नाही, तो तुकडाच काढून बदलावा लागतो.

लोखंडी चौकटीला फरशीच्या रेषेवर नखाने रंग खरवडून पाहावा व गिलाव्यातील चीर तपासावी. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्क्रूभोवतीची पांढरी पूड व खालच्या पट्टीतील भोके पाहावीत. या पाहणीला एका घरास अर्धा तास पुरतो. ग्रामसेवकांनी गावात नवे घर उभे राहत असेल तेथे, गिलावा होण्यापूर्वीच, घरधनी व सुतार या दोघांसमक्ष चौकटीचा पाय कशावर टेकला आहे एवढे एकदा पाहून घ्यावे. गिलावा झाल्यानंतर तो पाय पुन्हा दिसतो तो चौकट बदलतानाच.